चाळीस लाखांची लिमिट, पन्नास हजारांची शिल्लक

गुरुवार, १८ जुलै २०२४. लातूरला माझ्या एका शाळासोबत्याचं तयार कपड्यांचं घाऊक दुकान आहे. दुपारच्या चहाला मी तिथे बसलो होतो. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, त्यामुळे गणवेशाची झुंबड ओसरली होती. मांडणीवर साइजप्रमाणे लावलेले थोडे शर्ट उरले होते आणि कोपऱ्यात रिकाम्या गठ्ठ्यांची बारदानं पडली होती. मित्र खुशीत होता. ‘सिझन मस्त गेला यंदा’ हे त्याने दोनदा सांगून झालं होतं. तेवढ्यात सोलापूरहून फोन आला.

“शेठ, शनिवारी पंचेचाळीस दिवस भरतायत. चेक टाकू का?”

कापड बाजारातला हा नेहमीचा प्रश्न. चेक बँकेत टाकायला कुणाची परवानगी लागत नाही, पण तो न वटता परत आला तर दोघांचीही नाचक्की होते. म्हणून टाकण्याआधी विचारायची रीत आहे. मित्राने “एकच मिनिट हं, मालक” म्हणत मोबाइलवर खातं उघडलं आणि गप्पच झाला. मग आवाज शक्य तितका सरळ ठेवत म्हणाला, “चार दिवस थांबता का? मी फोन करतो.”

चेक १४ लाखांचा होता. खात्यातून काढता येण्याजोगी रक्कम होती ५० हजार.

“अरे, माझी लिमिट चाळीस लाखांची आहे,” तो मला म्हणाला. “वापरलेत एकतीस. नऊ लाख शिल्लक पाहिजेत. पाच लाख एका संस्थेकडून शनिवारपर्यंत येणार होते. झाले की चौदा! हे नऊ लाख गेले कुठं?”

मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. हा प्रश्न मी टेबलाच्या पलीकडून इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर मला झोपेतही देता येईल. तरी या मित्राला मी ते आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं आणि त्याचा धंदा उत्तम चालला होता. तो तसा खरोखरच चालला होता. या गोष्टीत कुणी बुडालेलं नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही.

आधी त्याचा पैसा कसा फिरतो ते सांगतो. बाजारात याला ‘रोटेशन’ म्हणतात. गणवेशाची ऑर्डर फेब्रुवारीत द्यावी लागते. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने बरेच आहेत आणि त्यांच्याकडे राज्यातूनच नव्हे तर बाहेरूनही मागणी येते, त्यामुळे उशीर करणाऱ्याला माल मिळतो तो गावोगावची निवड होऊन उरलेला. मार्च-एप्रिलमध्ये गठ्ठे येतात. ते जूनपर्यंत गोदामात पडून राहतात. जूनमध्ये तालुक्याच्या गावांतले किरकोळ दुकानदार ते उचलतात, पण उधारीवर. काही शिक्षणसंस्थाही थेट घेतात, त्याही उधारीवर. हे पैसे यायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे एप्रिलमध्ये खिशातून गेलेला रुपया परत यायला पाच महिने लागतात, आणि मधल्या काळात दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, ट्रान्सपोर्ट, घरखर्च काही थांबत नाही. त्या पाच महिन्यांत धंदा चालता ठेवणारा पैसा म्हणजे खेळतं भांडवल.

त्यातला मोठा वाटा बँक देते आणि तो देण्याची पद्धत म्हणजे सीसी, कॅश क्रेडिट. हे घरकर्जासारखं हप्त्याचं कर्ज नव्हे. एक खातं असतं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यातून उणे जाता येतं, विक्रीचे पैसे त्यातच भरायचे, आणि व्याज जेवढे वापरले तेवढ्यावरच. मर्यादा कशी ठरते? लहान उद्योग-व्यापारासाठी आजही बहुतेक बँका एक सोपं गणित वापरतात. रिझर्व्ह बँकेने १९९१मध्ये पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती, तिच्या शिफारशीतून ते आलं. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के एवढी खेळत्या भांडवलाची गरज धरायची; त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के धंदेवाल्याने स्वतःचे घालायचे. मित्राची वर्षाची विक्री दोन कोटींची. गरज ५० लाख, बँकेचे ४० लाख, त्याचे १०. मंजुरीपत्रावरचा ४० लाखांचा आकडा असा आला होता.

या गणिताच्या पोटात एक गृहीत आहे. विक्रीच्या चौथ्या हिश्शाएवढा पैसा पुरेल, असं म्हणायचं तर तो पैसा वर्षातून चार वेळा फिरला पाहिजे, दर तीन महिन्यांनी परत आला पाहिजे. किराणा दुकानाचा त्याहून लवकर येतो. माझ्या मित्राचा पाच महिन्यांनी येतो. त्या हिशेबाने दोन कोटींच्या विक्रीला त्याची गरज ८३ लाखांच्या आसपास जाते. त्याचे स्वतःचे ३७ लाख धंद्यात होते, म्हणजे नियमाच्या जवळजवळ चौपट. तरी ४० आणि ३७ मिळून ७७च होतात. मधली फट आजवर कोण भरत होतं?

सोलापूरचे मालक भरत होते. आदल्या वर्षापर्यंत ते बिलाला नव्वद दिवस देत. जूनच्या मालाचे पैसे सप्टेंबरात, म्हणजे गावोगावची उधारी वसूल होत आलेली असतानाच द्यायचे. ती नव्वद दिवसांची मोकळीक ही खरं तर त्याची दुसरी बँक होती. फक्त तिचं पासबुक नव्हतं, त्यामुळे ती आहे हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही.

२०२४मध्ये ते बदललं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावेत, हा नियम २००६च्या कायद्यातच आहे. इतकी वर्षं तो कुणी फारसा मनावर घेत नव्हतं. त्याला दात फुटले ते आयकर कायद्यात नवं कलम आल्यावर. ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही ते बाकी राहिले, तर ती खरेदी त्या वर्षाचा खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणजे न झालेल्या नफ्यावर कर भरा. हे २०२३-२४च्या हिशेबापासून लागू झालं आणि त्या मार्चमध्ये कापड बाजारात एकच धावपळ उडाली. सोलापूरच्या मालकांनी त्याचा आधार घेऊन सगळ्या घाऊक व्यापाऱ्यांना सांगून टाकलं की यापुढे पंचेचाळीस दिवस, त्यावर एक दिवस नाही. मित्राने मान डोलावली आणि ५ जूनला फेरऑर्डरीचा १४ लाखांचा माल उचलला. नव्वदाचे पंचेचाळीस झाले म्हणजे आपल्या दुसऱ्या बँकेने लिमिट अर्धी केली, हा हिशेब त्याने केला नाही. त्याला वाटलं, चाळीस लाख आहेत की.

आता त्या नऊ लाखांकडे येऊ. मंजूर लिमिट ही वरची मर्यादा, भांड्याचा काठ म्हणा. प्रत्यक्षात किती काढता येतील ते दर महिन्याला नव्याने ठरतं, आणि त्या आकड्याला म्हणतात ड्रॉइंग पॉवर. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत व्यापारी बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो: गोदामात माल किती, लोकांकडून येणं किती, माल पुरवणाऱ्यांचं देणं किती. माझा मित्र ते देत असे, म्हणजे त्याचे मुनीम टॅलीवरून काढत आणि हा सही करी. खाली ड्रॉइंग पॉवरचा हिशेब असतो, तो त्याने कधी वाचला नव्हता. त्या दिवशी आम्ही एप्रिलअखेरचं आणि जूनअखेरचं अशी दोन स्टेटमेंटं काढून शेजारीशेजारी ठेवली.

एप्रिलअखेर गोदामात ६६ लाखांचा माल होता. त्यातल्या २० लाखांच्या मालाचे पैसे द्यायचे होते. बँक आधी तो वजा करते, कारण ज्या मालाचे पैसेच तुम्ही दिले नाहीत, त्यावर कर्ज कशाचं द्यायचं? तो तर पुरवठादाराच्या पैशावर उभा आहे. उरला ४६ लाखांचा माल. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याचा स्वतःचा हिस्सा, काढला की ३४ लाख ५० हजार राहतात. मग उधारी. लोकांकडून येणं २५ लाख, पण त्यातलं ५ लाख नव्वद दिवसांहून जुनं. जुनी उधारी बँक मोजतच नाही. उरलेल्या २० लाखांवर त्याच्या मंजुरीपत्रात मार्जिन होतं ५० टक्के, कारण कपाटातल्या शर्टापेक्षा दुसऱ्याच्या शब्दावर बँकेचा भरवसा कमी असतो. म्हणजे १० लाख. एकूण ४४ लाख ५० हजार. लिमिट ४० लाखांची असल्याने त्याला पूर्ण ४० मिळत होते.

जूनअखेर माल उरला ३० लाखांचा, कारण विक्री झाली होती. देणं २४ लाख, त्यातले १४ सोलापूरचे. पैसे दिलेला माल फक्त ६ लाखांचा. मार्जिन जाऊन ४ लाख ५० हजार. येणं झालं ६२ लाख, त्यातलं ८ लाख जुनं. राहिले ५४, त्यांचे निम्मे २७. एकूण ३१ लाख ५० हजार. वापरलेले होते ३१ लाख.

“म्हणजे,” मित्र बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाला, “मी विकलं म्हणून माझी लिमिट कमी झाली?”

होय, अगदी तेच. एप्रिलला माल आणि उधारी मिळून ९१ लाख होते, जूनला ९२. धंद्याचा आकार तोच. दोन महिन्यांत त्याला तीन लाखांचा नफा झाला होता आणि सीसीतले सहा लाख त्याने कमीही केले होते. पण कपाटातल्या मालावर बँक रुपयाला पाऊण रुपया देते. तोच माल विकून उधारीत गेला की आठ आणे देते. आणि उधारी नव्वद दिवसांची झाली की काहीच देत नाही. भर सिझनमध्ये, सगळ्यात जास्त विक्री होते तेव्हा, ड्रॉइंग पॉवर आकसते. त्यावर उधारीत उचललेला नवा माल तिला आणखी खाली ओढतो, कारण तो देणं म्हणून वजा होतो. घाऊक व्यापाऱ्याला हे उफराटं वाटतं. बँकेच्या बाजूने पाहिलं तर त्यात वावगं काही नाही. उधारीवरचं मार्जिन मात्र बँकेगणिक वेगळं असतं आणि त्यावर मंजुरीच्या वेळी घासाघीस करता येते. ती करायची असते हे बहुतेकांना माहीत नसतं.

शनिवार आला. संस्थेचे पाच लाख आले नाहीत. संस्थाचालक म्हणाले, अध्यक्ष परगावी आहेत, सही राहिलीय. पंचेचाळिसावा दिवस उलटला आणि बिल थकलं.

सोमवारी सकाळी मित्र बँकेत गेला, मीही सोबत होतो. कर्ज विभागातल्या मॅडम तरुण आणि नेमक्या होत्या. तात्पुरती वाढीव लिमिट मिळेल का, असं त्याने विचारलं. “मिळू शकते,” त्या म्हणाल्या, “पण प्रस्ताव वर जाईल, कारण लिहावं लागेल, आणि वेळ लागेल. तुमचं स्टेटमेंट बघता वरून पहिला प्रश्न येईल, आठ लाखांची जुनी उधारी का वसूल होत नाही? त्याचं काय सांगू?” मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती त्याच्या ध्यानीमनी नव्हती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली बिलं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नव्वद दिवसांपलीकडे जाणार होती. तोवर वसुली झाली नाही, तर सप्टेंबरअखेरच्या स्टेटमेंटमध्ये ती सगळी रक्कम गळून पडेल आणि ड्रॉइंग पॉवर वापरलेल्या रकमेच्या खाली जाईल. खातं मर्यादेबाहेर गेलं की दंडशुल्क सुरू होतं, आणि ते सलग नव्वद दिवस तसंच राहिलं तर थकीत कर्जात, एनपीएत जमा होतं. म्हणजे आज सोलापूरचं बिल थकलंय ही पहिली घंटा होती.

दुकानात परतल्यावर मुनीम हळूच म्हणाले, “शेठ, जुलैच्या स्टेटमेंटमध्ये माल दहा लाखांनी वाढवून दाखवू या का? कोण मोजायला येतंय?”

हा मोह प्रत्येक पेठेत असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. दहा लाखांचा खोटा माल दाखवला की साडेसात लाखांची ड्रॉइंग पॉवर हाती येते, हे खरं. पण खरेदी-विक्री आता जीएसटीच्या विवरणपत्रांत दरमहा नोंदली जाते. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची किंमत, हा हिशेब बँकेतला कारकूनही दहा मिनिटांत करतो. शिवाय अधिकारी गोदाम बघायला येतात, तेही न कळवता. मी नोकरीत असताना एका गोदामात पुढच्या रांगेत भरलेली खोकी आणि मागे रिकामी खोकी रचलेली पाहिली आहेत. मागची रांग हलकी आहे हे खोक्याला नुसता हात लावला तरी कळतं. फुगवलेलं स्टेटमेंट म्हणजे बँकेच्या लेखी फसवणूक. तिथून पुढे धंद्याला दुसरी बँकही उभी करत नाही. मित्राने मुनिमांना नकार दिला, आणि उलट खरा माल मोजायला बसला. तेव्हा ३० लाखांतला ४ लाखांचा माल एका शाळेच्या निळ्या चौकड्यांचा निघाला. त्या शाळेने यंदा गणवेशाचा रंग बदलला होता. तो माल आता कुणीच घेणार नव्हतं. कागदावर तो ४ लाखांचा होता. विकायला गेलं तर लंगोटाच्या भावाचाही नव्हता.

खरा मार्ग निघाला तो येणी-देणी एका ओळीत मांडल्यावर. समजा एका दुकानदाराकडून एक रुपया वसूल केला आणि तोच सोलापूरला दिला. उधारी रुपयाने कमी झाली, म्हणून ड्रॉइंग पॉवर आठ आण्यांनी घटली. पण देणंही रुपयाने कमी झालं, तेवढा माल आता ‘पैसे दिलेला’ झाला, म्हणून ड्रॉइंग पॉवर बारा आण्यांनी वाढली. म्हणजे चार आण्यांचा फायदा. आणि तो रुपया नव्वद दिवसांहून जुन्या उधारीतला असेल तर? ती उधारी बँकेच्या हिशेबात आधीच शून्य होती, त्यामुळे घट काहीच नाही. फायदा पूर्ण बारा आण्यांचा. म्हणून वसुलीला निघायचं तर जुन्यापासून. व्यापाऱ्याचा स्वभाव नेमका उलटा असतो. ताजं मागायला सोपं जातं, कारण माणूस रोज भेटतो. जुन्याकडे जायला संकोच वाटतो, भांडण होईल असं वाटतं.

मित्राने आठवडाभर दुकान मुलावर सोपवलं आणि स्वतः मोटारसायकलवर औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर असा फिरला. फोनवर ‘पाठवतो’ म्हणणारा माणूस समोर बसल्यावर काहीतरी देतोच, हे त्याचं म्हणणं. जुन्या ८ लाखांतले ३ लाख आले. ज्यांचं बिल ताजं होतं त्यांना त्याने सांगितलं, या आठवड्यात द्या, दोन टक्के सोडतो. त्यातून आणखी ५ लाखांची बिलं मिटली. सूट गेली दहा हजारांची. दोन महिन्यांनी येणारे पैसे आज मिळावेत म्हणून दोन टक्के सोडले, तर तो वर्षाला बारा टक्क्यांचा दर होतो, म्हणजे सीसीच्या व्याजाच्या आगेमागेच. एरवी अशी सूट देत सुटणं शहाणपणाचं नाही. बिल थकलेलं असताना मात्र ती परवडते. महिन्याच्या शेवटी त्याने सोलापूरला ८ लाख पाठवले.

जुलैअखेरच्या स्टेटमेंटमध्ये, बाकी उलाढाल बाजूला ठेवली तर, देणं २४चं १६ झालं होतं. पैसे दिलेला माल १४ लाखांचा, मार्जिन जाऊन साडेदहा. ताजी उधारी ५४ची ४९ झाली, तिचे निम्मे साडेचोवीस. ड्रॉइंग पॉवर ३५ लाख. वापर तोच ३१. म्हणजे कुणाकडे हात न पसरता ४ लाख मोकळे झाले, तेही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरला गेले. उरलेले २ लाख १७ ऑगस्टला गेले. चौदा लाखांचं बिल पूर्ण फिटायला मुदतीनंतर चार आठवडे लागले.

या चार आठवड्यांत सोलापूरकडून एकही कटू शब्द आला नाही. कायद्याने मालकांना मुदतीनंतरचं व्याज मागता आलं असतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढीने. तेव्हा बँक दर पावणेसात टक्के होता, म्हणजे वर्षाला सव्वावीस टक्के; १४ लाखांवर महिन्याला साडेतेवीस हजारांच्या वर. त्यांनी ते मागितलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे शिवणाऱ्या बायांचा हिशेब दर शनिवारी होतो, आणि कापड भिलवाड्याहून येतं ते त्यांनाही उधारीतच. शिवाय त्यांचंही सीसी खातं आहे, त्यांनाही स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि त्यात माझ्या मित्राचे १४ लाख ‘येणं’ म्हणून नव्वद दिवसांकडे सरकत होते. लातूरचं थकलेलं बिल सोलापूरची ड्रॉइंग पॉवर खात होतं.

व्याजाऐवजी मालकांनी दुसरं काही केलं. दिवाळीच्या ऑर्डरीला म्हणाले, “शेठ, निम्मे आगाऊ, बाकी तीस दिवसांत.” हे व्याजापेक्षा जड होतं. दुसऱ्या बँकेने लिमिट पुन्हा कापली होती.

यात एक गोष्ट मला अजूनही खटकते. पंचेचाळीस दिवसांचं संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. व्यापाऱ्यांना २०२१मध्ये उद्यम नोंदणीची दारं पुन्हा उघडली, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्यक्रमाच्या कर्जापुरती. उशिरा मिळणाऱ्या पैशांबद्दलचं संरक्षण त्यांना नाही. म्हणजे माझ्या मित्राने सोलापूरला पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, आणि निलंग्याच्या दुकानदाराने याला नव्वद दिवसांनी दिले तरी याने काही बोलायचं नाही. वरून बांधलेला, खालून मोकळा. कारखानदाराला दिलेलं संरक्षण योग्यच आहे, पण त्याचा भार मधल्या माणसाच्या सीसी खात्यावर येतो हे ते कलम लिहिणाऱ्यांनी धरलेलं दिसत नाही.

दिवाळीनंतर मित्राने तीन गोष्टी केल्या. उधारीचं मार्जिन पन्नासऐवजी चाळीस टक्के करावं असं बँकेला पत्र दिलं. ते मान्य झालं. फेरऑर्डर एकदम न देता, पहिली निम्मी विकल्यावर दुसरी, अशी द्यायला सुरुवात केली. आणि फेब्रुवारी ते सप्टेंबरपुरती वेगळी सिझनची लिमिट मागितली, त्यासाठी महिन्यावार खरेदी-विक्री-वसुलीचा तक्ता जोडला. असा अर्ज सिझन डोक्यावर आल्यावर उपयोगाचा नसतो, कारण मंजुरीलाच महिना-दोन महिने जातात. म्हणून त्याने तो डिसेंबरातच दिला. मॅडमनी तक्ता बघून विचारलं म्हणे, हे कुणी करून दिलं? त्याने सांगितलं, मुनिमांनी.

निळ्या चौकड्यांचा माल अजून गोदामात आहे. स्टेटमेंटमध्ये तो आता धरत नाहीत.

तुमचंही सीसी खातं असेल, तर मंजुरीपत्र काढून त्यात तीन ओळी शोधा: मालावर मार्जिन किती, उधारीवर किती, आणि किती दिवसांपुढची उधारी धरत नाहीत. मग मागच्या महिन्याचं स्टेटमेंट शेजारी ठेवून आकडा स्वतः काढा. पुरवठादाराला चेक देण्याआधी बघायचा आकडा तो आहे.